रातपाळी, झोप आणि गोळी



कामगार संघटनेच्या माणसाने मनाच्या आजारावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण सातपूर-अंबडकडच्या कामगाराला स्किझोफ्रेनिया होतो, तेव्हा त्याची पहिली खूण पुष्कळदा हजेरीपत्रकात उमटते. निदान आणि औषध ही डॉक्टरांची कामे आहेत. बरा होऊन घरी आलेल्या माणसाचा आजार पुन्हा का उलटतो आणि घरच्यांना ते आधी कसे ओळखता येईल, एवढाच प्रश्न आज आम्ही घेणार आहोत.

आमच्या माहितीतल्या एका यंत्रकामगाराचे उदाहरण घेऊ. वय तिशीचे, घरी आई व पत्नी. आजाराचा पहिला झटका ओसरल्यावर तो कामावर रुजू झाला. रोज रात्री एक गोळी घ्यायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. महिन्याच्या ३० गोळ्या आणल्या आणि विसाव्या दिवशी पत्नीने त्या मोजल्या. उरायला हव्या होत्या १०, भरल्या १६. सहा गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या. आईला वाटले, मुलगा हट्टी आहे. पत्नीने मात्र कॅलेंडर पाहिले, तेव्हा त्या आठवड्यात सहा रातपाळ्या लागल्या होत्या! गोळीने झापड येते, यंत्रावर हात जाईल, या भीतीने तो ती चुकवीत होता. हट्ट नव्हे, त्याला कारण होते.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गोळी थांबते त्या दिवशी काहीच बिघडत नाही. उलट झापड जाते, अंग हलके वाटते, आणि रोगी व घरचे दोघेही म्हणतात, "बघा, औषधावाचून चालते की!" आजार उलटतो तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि तेव्हा गोळीची आठवण कोणालाच राहत नाही. म्हणून गोळ्या मोजाव्यात, पण त्याला सांगून, त्याच्यासमोर. जेवणात लपवून देऊ नयेत. एकदा उघडकीस आले की अन्नावरचा आणि माणसांवरचाही विश्वास उडतो. झापड, हात थरथरणे, वजन वाढणे या तक्रारी डॉक्टरांपुढे मांडाव्यात. मात्रा किंवा वेळ बदलता येते, काही औषधे दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनातूनही मिळतात. ह्या कामगाराच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलली, आणि त्यांच्या चिठ्ठीवर त्याला कायम दिवसपाळी मिळाली. कारण रातपाळी गोळीबरोबर झोपही खाते.

आजार उलटण्याआधी प्रत्येकाच्या खुणा बहुधा त्याच क्रमाने येतात. ह्या कामगाराची प्रथम झोप उडे. मग तो ताट घेऊन वेगळ्या खोलीत बसे. मग रेडिओ बंद करी, कारण त्यातून आपले नाव घेतात असे त्याला वाटे. बरा असताना त्याच्याशी बोलून पत्नीने हा क्रम कागदावर लिहिला. एका रात्रीची झोप कोणाचीही जाते, त्याने घाबरू नये. परंतु त्याच्याच खुणांपैकी दोन खुणा दोन-तीन दिवस टिकल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, असे त्या दोघांनी ठरवले. जीव देण्याची भाषा, अन्नपाणी सोडणे किंवा मारहाण असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो. गोळ्या नियमित घेऊनही आजार कधी उलटतो. तेव्हा दोष देण्यापेक्षा हा कागद कामी येतो.

आता घराकडे वळू. जॉर्ज ब्राऊन यांना १९५० च्या दशकात लंडनमध्ये असे आढळले की, रुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रोगी, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा परत दाखल होत. पुढे शोधाअंती कळले की माया कमी नव्हती. सततची टोचणी, राग आणि अतिकाळजी यांचा तो भार होता. घर हा आजार निर्माण करीत नाही, पण उलटायला हातभार लावू शकते.

आई रोज म्हणे, "किती लोळशील? शेजारचा बघ!" आळस वाटतो तो पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. त्याऐवजी ती म्हणू लागली, "आठ वाजता दोन कळशा पाणी भर." काम एक, वेळ ठरलेली, तुलना नाही. रेडिओतले आवाज खोटे म्हणून तिने वाद घातला नाही, खरे म्हणून होकारही दिला नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटते हे दिसते," एवढेच म्हटले. आणि दिवसातला काही वेळ तिने भजनी मंडळात घालवायचा ठरवला, कारण चोवीस तासांची पाळी कोणत्याही माणसाला झेपत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांनी तो बरा असताना, त्याला शेजारी बसवून, त्याच्या तीन खुणा लिहून काढाव्यात. आजार उलटल्यावर तो कागद लिहिता येत नाही.