मुलाखतीआधीच सही मागितली तर

पहिल्या फेरीची वेळ ठरते आणि आदल्या रात्री रिक्रूटरचा मेल येतो, ‘सोबतच्या एनडीएवर सही करा, मग मीटिंगची लिंक पाठवतो.’ एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार. मोबाईलवर बोटाने सही होते, त्यामुळे वाचायचं राहूनच जातं.

ही मागणी दरवेळी संशयास्पद नसते. बाजारात न आलेलं उत्पादन दाखवायचं असेल, तर कंपनी सही मागणारच. पण पहिल्या फेरीत बहुतेक वेळा तुमच्याच अनुभवाबद्दल बोलणं होतं. म्हणजे माहिती देणारे तुम्ही! म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: या फेरीत गोपनीय असं काय सांगणार आहात?

समजा, बंगळुरूत पेमेंट कंपनीत काम करणाऱ्या एका इंजिनिअरला असा मसुदा आला. त्यात फक्त एजन्सीचं नाव आहे, कंपनीचा उल्लेख नुसता ‘क्लायंट’. मग गुपित राखायचं कुणाचं? पुढे लिहिलंय, मुलाखतीत उमेदवाराने मांडलेल्या सर्व कल्पना क्लायंटच्या मालकीच्या. हे कलम मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ती स्वतःच्या सध्याच्या कामाबद्दल बोलेल, आणि त्यातलं बरंचसं तिच्या आताच्या कंपनीचं आहे. जे आपलं नाही ते ती लिहून कसं देणार?

शेवटी एक ओळ: 12 महिने स्पर्धक कंपनीत नोकरी करायची नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. म्हणून ‘तसंही टिकणार नाही, करून टाकू सही’ असं काहींना वाटतं. तसं करू नका. ती ओळ गळली तरी त्याच कागदातलं गोपनीयतेचं बंधन उरू शकतं, आणि वाद झालाच तर वकिलाची फी तुमच्या खिशातून जाते.

तिने उत्तर असं द्यावं: ‘गोपनीयता पाळायला माझी हरकत नाही. या फेरीत गोपनीय माहिती न देता बोलता येईल का? पुढच्या फेरीत लागली तर मी सही करीन, पण करारात कंपनीचं नाव, गोपनीय माहितीची नेमकी व्याख्या आणि मुदत हवी. सार्वजनिक असलेली आणि मला आधीपासून ठाऊक असलेली माहिती त्यातून वगळावी. कल्पनांच्या मालकीचं आणि नोकरीबंदीचं कलम काढावं.’

यात नकार कुठेच नाही. बऱ्याचदा रिक्रूटरकडे एकच छापील नमुना असतो, तो सगळ्यांना जातो. कंपनीला विचारल्यावर पहिली फेरी सहीविना होऊ शकते. ‘फॉर्म बदलत नाही’ असं उत्तर आलं, तर निदान ही दोन कलमं तरी काढायला सांगा. तीही निघत नसतील, तर मी ती फेरी सोडेन. आणि सही केलीत, तर दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत त्याच दिवशी उतरवून ठेवा. ती लिंक नंतर उघडेलच असं नाही.