प्रतीक्षा यादीत नाव आल्यावर

शहापूर किंवा मुरबाडमध्ये अंगणवाडी सेविकेच्या भरतीत तुमचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आलंय, असं समजा. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना साधा अर्ज लिहा. त्यात गाव, जाहिरातीची तारीख, यादीतला क्रमांक आणि चालू फोन नंबर द्या. मागणी दोनच वाक्यांत करा: "निवड झालेली उमेदवार रुजू न झाल्यास माझा विचार व्हावा. यादीची मुदत लेखी कळवावी." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, नुसतं तोंडी 'बघू' कामाचं नाही. मात्र या यादीवरून शेजारच्या गावची जागा मागता येत नाही. प्रतीक्षा यादी हा भरतीचा वेगळा मार्ग नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये गुजरातच्या अभियंत्यांच्या खटल्यात सांगितलंय. त्यामुळे नवी जाहिरात निघाली, तर पुन्हा अर्ज भरा.