टाळ्या वाजवू दोन
(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



बालवर्गाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ताई हजेरी पुकारत नाहीत. अनोळखी खोलीत मोठ्याने नाव घेतले, की तीन वर्षांचे मूल बहुधा मान खाली घालते. त्याऐवजी मुले सतरंजीवर गोल बसतात आणि आमच्याच एका ताईंनी रचलेले गाणे सुरू होते : ‘टाळ्या वाजवू दोन, सांगा आलंय कोण?’

ताई एका मुलीसमोर गुडघे टेकून म्हणतात, ‘मीरा आली!’ सारे वर्तुळ तेच म्हणते. मीराने बोलण्याची सक्ती नसते. तिने एखादी कृती करायची, पाय आपटायचे किंवा नाकाला बोट लावायचे, आणि सर्वांनी तिचे अनुकरण करायचे. दुसऱ्या दिवशी नाव विसरले, तरी ‘ती पाय आपटणारी’ मुलांच्या ध्यानात असते. त्या खुणेला धरून नाव परत येते. दिवसाला नवी नावे पाचच. आदल्या दिवसाची आधी म्हणायची. बावीस मुलांचा वर्ग असा शुक्रवारी पुरा होतो.

यात एक चूक मी स्वतः केली आहे. मुलांना रोज त्याच जागी बसवले आणि गाणे कसे सुरेख चालले आहे, म्हणून समाधान मानले. शुक्रवारी चेंडूचा खेळ घेतला. ज्याचे नाव घ्यायचे, त्याच्याकडे चेंडू घरंगळत सोडायचा. त्या दिवशी दोन मुलांनी जागा बदलल्या होत्या. एका मुलीने नाव अचूक घेतले आणि चेंडू मात्र रिकाम्या झालेल्या जुन्या जागेकडे सोडला! मुलांनी नावे नव्हे, जागांचा क्रम पाठ केला होता. तेव्हापासून बैठक रोज मोडतो.

दुसरी अडचण मात्र आपल्या या हैदराबादेतली. एक मुलगा तीन दिवस स्वतःच्या नावाला मान वर करीना. त्याला ऐकू कमी येत असावे, अशी शंका आम्हांला आली. पण खिडकीबाहेर भाजीवाल्याची हाक आली, की तो चटकन वळे. त्याच्या आईला विचारले. त्या माहेरच्या तेलुगू. म्हणाल्या, ‘बाई, घरी त्याला सगळे चिन्नाच म्हणतात. ते मोठं नाव फक्त कागदावर आहे.’

चौथ्या दिवशी वर्तुळाने म्हटले, ‘चिन्ना आला!’ त्याने दोन्ही मुठी सतरंजीवर आपटल्या. बावीस जणांच्या मुठी आपटल्या. पुढे दोन आठवडे दोन्ही नावे जोडीने म्हटली, मग हळूहळू कागदावरच्या नावालाही तो ओ देऊ लागला. प्रवेश-अर्जावर ‘घरात हाक मारण्याचे नाव’ हा रकाना त्या वर्षापासून आहे. पालकांनी तो कृपया कोरा सोडू नये.

गाण्यात नाव घेणे सोपे असते, कारण सगळेच घेत असतात. म्हणून आमच्या ताई पाण्याच्या माठापाशी कान देऊन उभ्या राहतात. त्या सोमवारी तिथे गर्दी होती. मागून एक बारीक आवाज आला, ‘ए चिन्ना, सरक ना रे!’