भिंतीवरचा नकाशा

नागपुरांतील इतवारीच्या एका अरुंद बोळांत तो कारखाना होता. दाराशीं जळक्या मोटारींचा ढीग, आंत एक लांब लांकडी टेबल, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर चार टांचण्यांनीं लावलेला एक कागद. कागद पिंवळा पडला होता. त्याच्या कडांवर तेलकट अंगठ्यांचे ठसे होते. त्यावर मिस्त्रींनीं फार वर्षांपूर्वीं पेन्सिलीनें चुंबकी स्टार्टरचा नकाशा काढला होता. जमशेटजी टाटांनीं 1877 सालीं सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्यें मिस्त्रींनीं उमेदीचीं वर्षें घालविलीं होतीं, आणि तेथून बाहेर पडतांना त्यांनीं जें काय बरोबर आणलें, त्यांत हा कागद होता.

शंकर तेथें उमेदवार म्हणून लागला, तेव्हां त्याला सतरावें वर्ष लागलें होतें. झाडलोट करणें, जळक्या गुंडाळ्यांची तार उकलणें, मिस्त्री वांकून काम करीत असतां त्यांच्या हातावर दिव्याचा उजेड धरणें, हें त्याचें काम. हात हलका होता, स्मरणही चांगलें होतें. चार-सहा महिन्यांत तो स्टार्टर उघडून पुन्हां जोडूं लागला. पण जोडण्याची त्याची रीत निराळी होती. तार सोडण्यापूर्वीं तो तिच्या टोंकाला रंगीत दोरा बांधी आणि त्याच रंगाचा दोरा तिच्या स्क्रूला बांधी. काम झालें कीं दोऱ्याला दोरा जुळवून तारा लावून टाकी. ती तार तेथें कां जाते, हा प्रश्न त्याला कधीं पडलाच नाहीं.

एके दिवशीं रॉकेलनें पेटी धुतांना सगळे दोरे सुटले. आठ तारा टेबलावर मोकळ्या लोंबत राहिल्या. दोन दिवस त्यानें नाना तऱ्हा करून पाहिल्या, पण स्टार्टर कांहीं बोलेना. मिस्त्री रागावले नाहींत. त्यांनीं तोंडांतलें पान एका गालांतून दुसऱ्या गालांत सारलें आणि भिंतीकडे बोट केलें.

"त्या कागदाले विचार," ते म्हणाले.

कागदाला विचारणें सोपें नव्हतें. शंकरची पहिली अडचण एका अक्षराची होती. नकाशांत पांच ठिकाणीं 'क' लिहिलेला होता. डाव्या बाजूस हिरव्या बटनाजवळ एक, मधल्या तीन जाड रेघांवर तीन, आणि दूर उजवीकडे एका लहानशा चौकोनाशेजारीं एक. पण उघड्या पेटींत तर एकच वस्तु होती. लोखंडी गाभ्यावर तारेची गुंडाळी, जिला कारखान्यांत सारे कॉईल म्हणत. तिच्या वर एक हलतें लोखंड. आणि त्या लोखंडाला जडविलेले चार काँटॅक्ट, तीन जाड व एक बारीक. पांच 'क' कोठून आणायचे? मिस्त्रींच्या हातून नकाशा चुकला असावा, असें त्याच्या मनांत आलें. मात्र तें त्यानें बोलून दाखविलें नाहीं.

आठ दिवसांनीं मिस्त्रींनींच विषय काढला. "ठेसनावर रेल्वेचा नकाशा पाह्यलास ना? त्यांत वर्धा नागपुरापासून किती दूर दिसते?"

"बोटभर, जी."

"आन् खरोखर बोटभर हाय काय? कामठी कोन्त्या वाटेवर हाय नि वर्धा कोन्त्या वाटेवर, गाडी कुठं बदलायची, तेवढंच तो नकाशा सांगते. हाही तसाच. वस्तु पेटींत कुठं बसली, हें त्याले इचारूं नोको. वीज कुठून निघते नि कुठं जाते, तें इचार."

त्या रात्रीं शंकरनें कागदावर बोट ठेवलें आणि प्रथमच वस्तु न शोधतां वाट शोधली. कॉईलमधून वीज वाहिली कीं गाभा चुंबक होतो, वरचें लोखंड खालीं ओढलें जातें आणि चारही काँटॅक्ट एकाच क्षणीं मिटतात. ते चार आणि ती कॉईल मिळून वस्तु एकच. पण विजेच्या वाटा निरनिराळ्या. म्हणून चितारणाऱ्यानें एकाच वस्तूचे पांच तुकडे करून ज्या त्या वाटेवर जो तो मांडला होता, आणि हे सारे एकाच घरचे आहेत हें कळावें म्हणून प्रत्येकाला एकच नांव दिलें होतें. एवढें उमगायला त्याला आठ दिवस आणि एक रात्र लागली.

यानंतरची गोष्ट लवकर उलगडली. तांबडें बटन नकाशांत जोडलेलें होतें आणि हिरवें तुटलेलें. वीज बंद असून कोणीही कांहीं दाबलेलें नाहीं, अशा निजलेल्या अवस्थेंत नकाशा काढतात, हें ध्यानांत येतांच कोणतें बटन वाट तोडणारें आणि कोणतें जोडणारें, हें चित्रावरूनच कळूं लागलें.

मग मात्र तो एका माशीपायीं फसला. हिरव्या बटनाकडून कॉईलकडे जाणारी बारीक रेघ वाटेंत तीन जाड रेघांना ओलांडून जात होती. दोन रेघा एकमेकींना नुसत्या छेदून गेल्या तर त्यांचा संबंध नसतो. जोड असेल तर तेथें काळा टिंब देतात. तांबड्या फेजच्या रेघेवर, नेमका त्या ओलांडणीपाशीं, एक टिंब होता. शंकरनें नकाशाबरहुकूम तेथें तार जोडली आणि मोटार न लावतां नुसता स्टार्टर टेबलावर तपासायला घेतला. मेन स्विच वर करतांच, बटनाला कोणाचें बोटही लागलेलें नसतां, खट्‌कन लोखंड खालीं बसलें. त्यानें घाबरून तांबडें बटन दाबलें. कांहीं झालें नाहीं. पुन्हां दाबलें, तरीही नाहीं. शेवटीं मिस्त्रींनीं स्विच खालीं ओढला.

"तुह्या जोडणींत तांबड्या बटनाले काम काय राह्यलं?" त्यांनीं विचारलें.

शंकरनें बोट फिरविलें. वीज तांबड्या फेजवरून त्या टिंबावाटे थेट कॉईलमध्यें शिरत होती; दोन्ही बटनें बाजूलाच राहिलीं होतीं. ज्या वाटेनें बंद करण्याचें बटनच निरुपयोगी होतें, ती वाट चितारणाऱ्याच्या मनांत असणें शक्यच नव्हतें. मिस्त्रींनीं नखानें तो टिंब खरवडला. तो निघून आला. माशीनें केलेला घाणीचा ठिपका होता तो!

राहिला तो बारीक काँटॅक्ट. मोटारीला वीज देणारे तीन जाड काँटॅक्ट असतांना, हिरव्या बटनाला समांतर असा हा चौथा कशाला? त्यानें मनांतल्या मनांत हिरवें बटन दाबलें. वीज तांबड्या बटनांतून, हिरव्यांतून, कॉईलमध्यें गेली आणि ओव्हरलोडच्या काँटॅक्टमधून दुसऱ्या फेजला पोंचली. लोखंड बसलें, चौथा काँटॅक्टही मिटला. आतां बोट उचललें. हिरव्याची वाट तुटली, पण शेजारची बारीक वाट मिटलेली होती; वीज तेथून जात राहिली. कॉईल आपणच मिटविलेल्या काँटॅक्टच्या आधारें स्वतःला धरून ठेवीत होती. शंकर बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून उभा होता. मग त्याच्या लक्षांत आलें कीं, वीज गेली कीं ही धरलेली पकड सुटेल, आणि वीज परत आली तरी वाट दोन ठिकाणीं तुटलेली राहील. कोणी तरी हिरवें बटन दाबीपर्यंत मोटार हलणार नाहीं.

वैशाखांत, ऊन डोळे दिपवीत असतां, जवळच्याच एका डाळीच्या गिरणींतून निरोप आला: मोटार बटन दाबून धरलें तरच चालते. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले होते. शंकर पिशवी घेऊन निघाला.

तो पोंचला तेव्हां वीज गेलेली होती. गिरणी मुकाट पडली होती; दारावरचा दिवाही विझलेला. मुनीम गादीवर वारा घेत बसला होता. आंतल्या अंधुक उजेडांत एक हमाल, कांखेपर्यंत हात आंत घालून, घसरलेला पट्टा चाकावर चढवीत होता. स्टार्टर भिंतीवर होता. त्याच्या हिरव्या बटनावर बाभळीच्या लांकडाची एक पाचर घट्ट ठोकलेली होती.

बटन कोणी तरी सदैव दाबून धरायला हवें, त्यावर गिरणीवाल्यांनीं काढलेली ही युक्ति. मोटार चालत होती, त्यामुळें त्यांना त्यांत कांहीं वावगें दिसलें नव्हतें. पण शंकरच्या डोळ्यांपुढें कागद उभा राहिला. हिरवें बटन जोडलेलें. कॉईलपर्यंतची वाट सबंध. न्यून असेल तर एवढेंच, कीं वीज नाहीं. ती येण्याचा अवकाश, लोखंड बसेल, मोटार फिरेल, आणि पट्टा त्या हातासकट चाकावर ओढला जाईल.

तो ओरडला नाहीं. दोन ढांगांत जाऊन त्यानें मेन स्विचचा दांडा खालीं ओढला, तिन्ही फ्यूज काढून खिशांत घातले आणि मग पाचर उपटली.

फार तर पांच मिनिटें गेलीं असतील. दारावरचा दिवा लागला. "आली, आली," मुनीम म्हणाला. मोटार गप्प होती. हमालानें पट्टा चढवून हात बाहेर काढला, गमछ्यानें घाम पुसला आणि तो पाणी प्यायला गेला.

शंकरनें बॅटरी आणि घंटी काढली. त्यानें हिरव्या बटनाच्या दोन स्क्रूंवर घंटीचीं टोंकें लावलीं आणि काँटॅक्टचें लोखंड बोटानें खालीं दाबलें. चौथा काँटॅक्ट व त्याच्या तारा चांगल्या असत्या तर घंटी वाजली असती. ती वाजली नाहीं. टोंकें त्यानें प्रत्यक्ष काँटॅक्टवर नेलीं, घंटी खणखणली. म्हणजे काँटॅक्ट निर्दोष, दोष मधल्या तारेंत. एक तार ओढून पाहतांच ती स्क्रूखालून अलगद निघून आली. गिरणीच्या हादऱ्यांनीं आंतलें तांबें तुटलें होतें, वरचें रबर मात्र जागच्या जागीं बसून राहिलें होतें. त्यानें अर्धा इंच तार नव्यानें सोलली, दुहेरी करून स्क्रूखालीं आवळली आणि फ्यूज बसविले.

हिरवें बटन दाबून त्यानें बोट उचललें. मोटार चालत राहिली. मग त्यानें मेन स्विच खालीं केला, मोटार थांबूं दिली, आणि पुन्हां वर केला. मोटार हलली नाहीं.

"आतां हें काय नवीन?" मुनिमानें विचारलें. "मघां तर वीज आली कीं ती आपोआप सुरू व्हायची."

"म्हणूनच आलो जी," शंकर म्हणाला.

संध्याकाळीं मिस्त्रींनीं सारी हकीकत ऐकून घेतली. फ्यूज पाचर उपटण्याआधीं काढले कीं नंतर, एवढेंच त्यांनीं दोनदां विचारलें. शंकरनें खिशांतून पाचर काढून टेबलावर ठेवली. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली, आणि कित्येक दिवस डगमगत असलेल्या टेबलाच्या पायाखालीं सारून दिली.