महिनाभराच्या कामाचे पत्र

समजा, पेठेतल्या भांड्यांच्या दुकानाचे इन्स्टाग्राम आपल्याला महिनाभर सांभाळून पाहायचे आहे. मग मालकांना लिहिलेल्या पत्रात ‘विक्री वाढवून देतो’ असे म्हणू नका. ती काही आपल्या हाती नसते. हाती आहे तेवढेच लिहा: आठवड्याला 3 फोटो, म्हणजे 4 आठवड्यांत 12, प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर, भाव मात्र मालकांना विचारूनच. मोजायच्या त्या चौकशा, लाइक नव्हेत. गेल्या महिन्यातल्या चौकशांचा आकडा आधीच टिपून घ्या. नाही तर शेवटी तुलना कशाशी करणार? आणि खाते मालकांच्याच फोन नंबरावर राहील, महिना संपताच त्यांनी पासवर्ड बदलावा, हेही स्वच्छ लिहा. दुकानदाराला खरी धास्ती असते ती त्याचीच!