कोऱ्या यंत्राचा फोटो

(भोर येथे भोर व वेल्हे परिसरातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘कॉम्प्युटर’ असा एकच शब्द लिहिलेला पाहून काहीजणी मघाशीच चहाला उठल्या. त्यांचा राग नाही. मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा मलाही वाटत होतं की आपलं काम माणसांशी, यंत्राचं बघायला दुकानदार आहे. ते मत कसं बदललं, तिथूनच सुरुवात करते.

जुलै २०२३. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वेल्ह्याच्या खोलीतली वीज दिवसातून आठ-दहा वेळा येत-जात होती. अशाच एका दुपारी केंद्रातला कॉम्प्युटर मधेच बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. निळा पडदा यायचा, ‘दुरुस्त करता आलं नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि पुन्हा तेच चक्र. आत काय होतं? घरगुती हिंसाचाराच्या सतरा प्रकरणांच्या नोंदी. २००५च्या कायद्याखालचे घटना अहवाल सही होऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले होते, ते सुरक्षित होते. पण कोणती बाई कोणत्या तारखेला आली, काय म्हणाली, आम्ही घरी कधी गेलो, या टिपणांची दुसरी प्रत नव्हती.

आम्ही यंत्र उचललं आणि दुरुस्तीला दिलं. चार दिवसांनी ते छान चालू होऊन परत आलं, पण कोरं. त्या मुलाने विंडोज नव्याने टाकलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, डेटा पाहिजे असं तुम्ही बोलला नव्हता.” खरंच बोललो नव्हतो. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त लागली. ते चार दिवस सतरा बायकांची नावं, पत्ते, त्या माहेरी लपून राहत असतील तर ते माहेर, हे सगळं एका अनोळखी टेबलावर पडून होतं. आपण बाईला सांगतो, “ताई, इथे बोललेलं इथेच राहील.” ते वाक्य आम्ही पाळलं नव्हतं.

आज एवढंच सांगायचं आहे की यंत्र बंद पडलं तरी ते केंद्राच्या दाराबाहेर न्यावं लागू नये, यासाठी दोन वस्तू करून ठेवायच्या. आणि त्या करायची खरी वेळ म्हणजे विंडोज नवीन टाकल्याबरोबरची, एकाही बाईची नोंद आत जाण्यापूर्वीची.

पहिली वस्तू म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह. हा एक पेन ड्राइव्ह असतो. यंत्राची स्वतःची डिस्क उठत नसेल तर यावरून ते उठवता येतं. ही कुलपाची किल्ली समजा. दुसरी सिस्टिम इमेज. नीट लावून झालेल्या यंत्राचा हा पूर्ण फोटो, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, प्रिंटर, मराठी कळफलक, सगळं जसंच्या तसं. ती वेगळ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची. यंत्र स्वतःहून उठत नसेल तर किल्लीशिवाय फोटोपर्यंत पोचणं अवघड. नुसती किल्ली असेल तर दार उघडतं, पण घर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं.

घर लावणं म्हणजे काय ते आमच्या आक्कांना विचारा. नवीन विंडोजवर आमचे दोन दिवस गेले. प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग. शिवाय आमची जुनी पत्रकं आणि अर्जाचे नमुने श्रीलिपीतले, त्याचे फाँट नसले की ते सगळे इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतात. हे सगळं झालं, विंडोजचे अपडेट संपले, तेव्हा मी हात आवरता घेतला. म्हटलं, आता एकही फाइल टाकायची नाही. आधी फोटो.

किल्ली अशी केली. स्टार्टमध्ये `Recovery Drive` असं टाइप केलं की प्रोग्रॅम दिसतो. त्यात `Back up system files to the recovery drive` या चौकटीत खूण राहू द्यायची. किती मोठा पेन ड्राइव्ह लागेल ते तो स्वतःच सांगतो. १६ जीबीचा कधी पुरतो, कधी पुरत नाही, म्हणून मी सरळ ३२चा घेतला. त्यावर आधीचं जे असेल ते सगळं पुसलं जातं. आमच्या एका ताईंनी प्रशिक्षणाचे फोटो असलेला ड्राइव्ह पुढे केला होता, तो वेळेवर परत दिला. तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ वीज टिकायला हवी. म्हणून लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून बसा, मोठं यंत्र असेल तर इन्व्हर्टरवर.

फोटोसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये `Backup and Restore (Windows 7)` हे पान आहे. नाव जुनं आहे म्हणून घाबरू नका, विंडोज ११मध्येही ते त्याच नावाने आहे. डावीकडे `Create a system image`. ‘कुठे ठेवू’ विचारल्यावर बाहेरची हार्ड डिस्क दाखवायची. इथे पेन ड्राइव्ह चालत नाही, आणि डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉर्मॅट केलेली लागते. पुढच्या पानावर `C:` आणि त्याच्यासोबतचे एक-दोन छोटे भाग आपोआप निवडलेले दिसतात, त्यांना हात लावायचा नाही. आमची इमेज चाळीस जीबीच्या आसपास झाली, अर्ध्या तासात. शेवटी ‘दुरुस्तीची सीडी करू का’ असं विचारतो. किल्ली आहे, तेव्हा नाही म्हणायचं.

डिस्कवर `WindowsImageBackup` नावाचं फोल्डर तयार होतं. त्याचं नाव बदलू नका आणि ते दुसऱ्या फोल्डरच्या पोटात टाकू नका. मी व्यवस्थितपणाच्या नादात ‘वेल्हे केंद्र’ असं फोल्डर करून त्यात ते सरकवलं होतं. नंतर चाचणी घेतली तर यंत्र म्हणे, इमेज सापडत नाही! पुन्हा बाहेर काढल्यावर सापडली.

चाचणीचं सांगतेच. किल्ली केली त्याच दिवशी यंत्र बंद करून ती लावायची आणि चालू करताना योग्य कळ दाबायची. काही यंत्रांवर ती `F12`, काहींवर `F9`, काहींवर `Esc`. आपल्या यंत्राची कोणती ते शोधून पेन ड्राइव्हच्या चिठ्ठीवर लिहायचं. भर पावसात, मेणबत्तीच्या उजेडात हा शोध घ्यायला लागू नये. निळा पर्यायांचा पडदा दिसला की चाचणी झाली, तिथून बाहेर पडायचं.

त्याच चिठ्ठीशेजारी आणखी एक कागद लागतो. आजकाल मायक्रोसॉफ्टचं खातं घालून विंडोज लावलं की बऱ्याच यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि दुरुस्तीच्या वेळी यंत्र ४८ आकडी किल्ली मागतं. ती त्या खात्यात असते. खातं कुणाच्या नावाचं, त्या ताई संस्था सोडून गेल्या असतील तर काय, हा प्रश्न आजच सोडवा. यंत्र चालू असताना कमांड प्रॉम्प्ट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून हे टाइप केलं तर ती दिसते:

```
manage-bde -protectors -get C:
```

कागदावर उतरवून कपाटात ठेवायची. यंत्राला चिकटवायची नाही.

आता दुसरा पावसाळा. ऑगस्ट २०२४, तीच खोली, तीच वीज, तोच निळा पडदा. या वेळी आक्का म्हणाल्या, “किल्ली काढ.” पण मी लगेच फोटो परत टाकला नाही, आणि हे नीट ऐका. सिस्टिम इमेज परत टाकली की ती घेतल्यानंतर `C:`वर जे काही आलं ते सगळं जातं. नोंदी आम्ही तेव्हा वेगळ्या डिस्कवर ठेवत होतो, पण त्या आठवड्यात एका मुलीचं निवेदन नव्या कार्यकर्तीने डेस्कटॉपवरच ठेवलं होतं. परवा कोर्टाची तारीख होती.

किल्लीवरून यंत्र उठवलं. `Troubleshoot`, मग `Advanced options`, त्यात आधी `Startup Repair` करून पाहिलं. कधीकधी एवढ्याने भागतं, आमचं भागलं नाही. मग तिथलंच `Command Prompt` उघडलं. ४८ आकड्यांचा कागद इथे लागला. काळ्या पडद्यावर `notepad` टाइप केलं. नोटपॅडमध्ये `File`, `Open`, खाली `All Files` निवडलं की यंत्रातली सगळी फोल्डरं दिसतात. इथे `C:`चं अक्षर बदललेलं असू शकतं, म्हणून `Users` फोल्डर कुठे आहे ते बघायचं. डेस्कटॉपवरची फाइल सापडली, उजवं बटण दाबून `Copy`, आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर `Paste`. ही युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण विंडोज मेलं म्हणजे फाइल मेली असं नसतं. २०२३ साली आमच्या सतरा नोंदीसुद्धा बहुधा अशाच निघाल्या असत्या.

ती फाइल हातात आल्यावरच `System Image Recovery`. हा पर्याय काही वेळा `See more recovery options`च्या मागे लपलेला असतो. हार्ड डिस्क लावलेली होती, इमेज आपोआप दिसली, ‘होय’ म्हटलं. शेजारी `Recover from a drive` असाही पर्याय दिसतो. तो निरुपद्रवी वाटतो, पण तो सगळं पुसून कोरं विंडोज टाकतो. तो दाबायचा नाही. पाऊण तासाने यंत्र उठलं, श्रीलिपीसकट. निवेदन छापलं, आणि यंत्र दाराबाहेर गेलं नाही.

अडचणी राहिल्या. फोटो वर्षाचा जुना, म्हणून वर्षाचे अपडेट मोबाइलच्या नेटवर उतरायला रात्र गेली. डिस्कचं कुलूप इमेज परत टाकल्यावर उघडंच राहतं, ते पुन्हा लावावं लागलं. डिस्कच जळली असती तर नवी निदान तेवढ्याच मापाची घ्यावी लागली असती, लहान चालत नाही. आणि इमेजची ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१७मध्येच निवृत्तीच्या यादीत टाकली आहे. अजून आहे, पण पुढे दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम वापरावा लागेल.

एक प्रश्न आक्कांनी विचारला होता, तो तुमच्याही मनात असेल: दरवर्षी नवा फोटो काढायचा तर त्यात बायकांच्या नोंदी येणार नाहीत का? येतील, `C:`वर असतील तर. आणि त्या इमेजला कुलूप नसतं. डिस्क ज्याच्या हातात, त्याला सगळं वाचता येतं. म्हणून आम्ही मे महिन्यात, पावसाच्या आधी, डेस्कटॉप आणि डाउनलोड रिकामे करतो, कचऱ्याची टोपली रिकामी करतो, मग नवी किल्ली आणि नवा फोटो. नोंदींची डिस्क वेगळी, तिची दुसरी प्रत भोरच्या कपाटात. वेल्ह्याच्या कपाटाची एक चावी आक्कांकडे आहे, एक माझ्याकडे.