नळीने अन्न घेणारा रुग्ण घरी येतो तेव्हा



रुग्णालयातून रुग्ण घरी निघाला की त्याच्या हाती एक कागद देतात. त्यात रोगाचे नाव असते, औषधांची यादी असते आणि पुढील तपासणीची तारीख असते. परंतु ज्या रुग्णास गिळता येत नाही व ज्याच्या नाकातून जठरात नळी घातलेली आहे, त्याच्याबाबत आणखी एक पत्र आवश्यक असते. ते रुग्णालयातील आहारतज्ज्ञाने गावच्या डॉक्टरांस लिहावयाचे असते. त्या पत्रात काय असावे, हे आज एका उदाहरणाने सांगण्याचा विचार आहे.

खेडेगावातील एका बासष्ट वर्षांच्या गृहस्थांस पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि पाण्याचा घोटही श्वासनलिकेत जाऊ लागला. तीन आठवड्यांनी त्यांस नळीसह घरी पाठविले. सोबतच्या इंग्रजी कागदावर आहाराविषयी एकच ओळ होती : 'दर तीन तासांनी २५० मिलिलिटर, दिवसातून सहा वेळा, नळीवाटे.' घरच्यांनी ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि तिचे तंतोतंत पालनही केले. तरीही सहा आठवड्यांत गृहस्थ खंगले, अंगावर ग्लानी आली, आणि गावच्या डॉक्टरांस कारण उमगेना.

याचे कारण त्या ओळीतच होते. तीत माप होते, पण कशाचे माप ते नव्हते. रुग्णालयात डब्यातील तयार भुकटी पाण्यात कालवून देत असत. त्या मिश्रणाच्या प्रत्येक मिलिलिटरात एक कॅलरी असे, म्हणून सहा वेळांच्या दीड लिटरात १५०० कॅलरी व सुमारे ६० ग्रॅम प्रथिने मिळत. घरी आल्यावर डबा महाग पडू लागला. सुनेने तीन वेळा भुकटी व तीन वेळा भाताची पेज द्यावयास सुरुवात केली. नळी तुंबू नये म्हणून पेज पातळ करून गाळूनही घेतली. अशा पेजेच्या २५० मिलिलिटरात जेमतेम ५० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाचे माप पूर्ण दीड लिटर भरले, पण पोटात ९०० कॅलरी व ३३ ग्रॅम प्रथिने गेली. रोज ६०० कॅलरींची तूट सहा आठवडे चालली, तर शरीरातून सुमारे तीन किलो वजन जाणारच.

हे डॉक्टरांस कळले नाही, कारण घरी निघतानाचे वजन कागदावर नव्हते. रुग्ण अंथरुणाला खिळलेला, त्याचे पूर्वीचे वजन कोणास आठवत नाही. मग ४७ किलो हा आकडा समाधानाचा की धोक्याचा, हे कशावरून ठरवावे? अखेर डॉक्टरांनी रुग्णालयात दूरध्वनी केला, आणि तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी दुसरे, सविस्तर पत्र पाठविले. ते पत्र मी घरच्यांस मराठीत उतरवून दिले. अशी पत्रे कशी असावीत याचा तो चांगला नमुना आहे.

पत्राच्या आरंभी वजन होते : घरी निघताना ५० किलो. पुढे गरज लिहिली होती : किलोमागे ३० कॅलरी, म्हणजे १५००, किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ६०. 'दर आठवड्यास वजन घ्यावे. दोन किलो घटल्यास मला कळवावे,' असे स्पष्ट वाक्य होते. एवढ्यावरून डॉक्टरांस तीन किलोंची घट तत्काळ दिसली. मात्र कित्येक दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरास एकदम पूर्ण आहार दिला, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोक्याइतके उतरू शकते. म्हणून आहार काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावा व मध्यंतरी रक्त तपासावे, असेही बाईंनी लिहिले होते.

त्यानंतर स्वयंपाकघरातील कृती होती. डबा परवडत नसेल तर एका वेळेस २०० मिलिलिटर गाईचे दूध, चहाचे दोन चमचे दुधाची भुकटी, एक चमचा साखर, एक चमचा तेल, आणि मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे दोन चमचे पीठ. हे शिजवावे, बारीक गाळणीतून गाळावे आणि उकळलेले पाणी घालून २५० मिलिलिटर करावे. यात सुमारे २५० कॅलरी व १० ग्रॅम प्रथिने होतात. मोडाची नाचणी सांगण्याचे कारण असे की, मोड येताना धान्यात तयार होणारा पाचक घटक पिठुळपणा तोडतो. त्यामुळे लापशी पातळ राहते आणि पाणी वाढवून तिचे सत्त्व कमी करावे लागत नाही. मिश्रण प्रत्येक वेळी ताजे करावे. शिवाय ही कृती मधुमेह नसलेल्या व दूध पचणाऱ्या याच रुग्णासाठी आहे, असे पत्रात बजावले होते.

तिसरी बाब पाण्याची. दीड लिटर आहारात सुमारे सव्वा लिटर पाणी असते. प्रत्येक वेळी आधी ३० व नंतर ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुतली, की आणखी ३६० मिलिलिटर जाते. एकूण झाले सोळाशेच्या आसपास, आणि या रुग्णास ते पुरते. परंतु उन्हाळ्यात किंवा ताप आल्यास पाणी वाढवावे लागते. ज्याची वाचा गेली आहे त्यास तहान लागल्याचे सांगता येत नाही. म्हणून लघवी गडद झाली, जीभ कोरडी पडली वा ग्लानी आली, तर डॉक्टरांनी आधी पाण्याचा हिशेब पाहावा.

मग नळी. ती कोणत्या तारखेस घातली, किती जाडीची आहे, आणि नाकपुडीपाशी तिच्यावरील कोणती खूण आहे, हे लिहिले होते. येथे ती खूण ५५ सेंटिमीटर होती. खूण सरकली तर आहार थांबवावा. नळीतून हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची रीत अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते, पण ती भरवशाची नाही. नळी फुप्फुसात गेली असली तरी तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. नळीतून थोडा रस ओढून आम्लता दाखविणाऱ्या कागदावर टाकावा, व आकडा ५.५ किंवा त्याखाली असेल तरच अन्न द्यावे. आम्लपित्ताची औषधे चालू असतील तर हा आकडा चढतो. अशा वेळी, वा मनात शंका असेल तर, क्ष-किरण चित्राशिवाय काहीही देऊ नये. अन्न देताना व त्यानंतर तासभर रुग्णाची पाठ उशांवर उंच ठेवावी.

शेवटी पुढची दिशा दिली होती. नाकातील नळी ही काही आठवड्यांची सोय आहे. चार ते सहा आठवड्यांनंतरही गिळता येत नसेल, तर पोटावरून थेट जठरात नळी बसविण्याचा विचार करावा लागतो. म्हणून गिळण्याची चाचणी पुन्हा कोणत्या तारखेस व कोणी करावयाची, हे पत्रात असलेच पाहिजे. पहिल्या कागदात ते नव्हते, आणि सहा आठवडे तसेच निघून गेले होते.

दुसऱ्या पत्रानुसार सुनेने कृती बदलली, डॉक्टरांनी दर रविवारी वजन लिहून ठेवले. दोन महिन्यांत वजन ४९ किलोंवर आले, आणि चाचणीत घट्टसर खीर चमच्याने गिळता येते असे आढळले. आपल्या घरी कोणी नळीसह परतणार असेल, तर रुग्णालय सोडण्यापूर्वी आहारतज्ज्ञांपाशी पाच गोष्टी लिहून मागाव्यात : आजचे वजन, आहाराची कृती, पाण्याचे माप, नळीची खूण आणि पुढील चाचणीची तारीख. त्याची एक प्रत डॉक्टरांस द्यावी, आणि दुसरी घरच्या भाषेत लिहून चुलीजवळच्या भिंतीवर लावावी.